शंकराच्या रकान्यात ‘नाश’ लिहिल्यावर

*मी दर रविवारी मुलांचा संस्कार वर्ग घेते. मुलं दहा ते चौदा वर्षांची. मागच्या वेळी फळ्यावर तीन रकाने आखले : ब्रह्मा – निर्मिती, विष्णू – पालन, महेश – नाश. एका मुलाने विचारलं, ‘मग महेश व्हिलन आहे का? आणि व्हिलनची पूजा आपण का करतो?’ मी म्हटलं, जुनं गेल्याशिवाय नवं येत नाही. त्यावर तो म्हणाला, ‘माझे आजोबा गेले. त्यांच्या जागी नवीन कोण आलं?’ मी गप्प झाले. खरं सांगायचं तर माझं उत्तर मलाही पटलेलं नव्हतं. आता पुढच्या रविवारी काय सांगू?*

*– एक शिक्षिका*

ताई,

त्या मुलाने नेमकं तुमच्या उत्तराच्या कच्च्या जागी बोट ठेवलं आहे. ‘जुनं गेलं की नवं येतं’ असं म्हटलं की संहार चांगला ठरतो तो केवळ पुढच्या निर्मितीच्या उपयोगी पडतो म्हणून. म्हणजे मान सगळा निर्मितीचा आणि संहार ही नाइलाजाने सोसायची गोष्ट. शास्त्रकारांचं म्हणणं असं नाही. त्यांनी संहाराला त्याची स्वतःची जागा दिली आहे, आणि ती जागा दहा-बारा वर्षांच्या मुलाला समजेल इतकी सरळ आहे. मात्र त्यासाठी आधी ते तीन रकाने पुसायला हवेत.

रकाने आखले की मुलांच्या डोक्यात तीन माणसं उभी राहतात. एक बांधतो, एक राखतो, एक पाडतो. असं चित्र असेल तर पाडणारा खलनायकच वाटणार, त्यात मुलाची काही चूक नाही. पण मूळ कल्पना तीन कर्त्यांची नाहीच, ती एका कर्त्याच्या तीन क्रियांची आहे. तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या वडिलांकडे, वरुणाकडे जातो आणि म्हणतो, मला ब्रह्म शिकवा. वरुण उत्तर देतो : ज्याच्यापासून ही सगळी भूतं जन्मतात, जन्मल्यावर ज्याच्यामुळे जगतात, आणि जाताना ज्याच्यात शिरतात, ते जाणून घे, ते ब्रह्म. ‘यतो वा इमानि भूतानि जायन्ते, येन जातानि जीवन्ति, यत् प्रयन्त्यभिसंविशन्ति.’ तीन उपवाक्यं आहेत आणि तिन्हींचा विषय एकच आहे. ब्रह्मसूत्रांतलं दुसरं सूत्र, ‘जन्माद्यस्य यतः’, याच वाक्यावर उभं आहे.

इथे थोडं थांबून पाहा. ही ब्रह्माची व्याख्या आहे, आणि तिच्यात शेवटाला जन्माच्या शेजारी, त्याच पंक्तीला बसवलं आहे. लय ही वाईट गोष्ट असती तर ती परमतत्त्वाच्या व्याख्येत आली नसती. ‘जाताना ज्याच्यात शिरतात’ या शब्दांत नाहीसं होणंही नाही. जिथून निघालो तिथेच पोचणं आहे.

पुराणांनी या तीन क्रियांना तीन नावं दिली. विष्णुपुराणाच्या पहिल्याच अंशात सांगितलं आहे की एकच जनार्दन सृष्टी, स्थिती आणि अंत करतो म्हणून ब्रह्मा, विष्णू आणि शिव अशा संज्ञा घेतो. ‘स संज्ञां याति भगवानेक एव जनार्दनः.’ वैष्णव ग्रंथ असल्यामुळे मूळ नाव जनार्दनाचं. शैव परंपरेत तेच स्थान शिवाचं आहे, आणि तिथे शिवाच्या क्रिया तीन नसून पाच आहेत : सृष्टी, स्थिती, संहार, तिरोभाव म्हणजे झाकून ठेवणं, आणि अनुग्रह. नटराजाच्या मूर्तीत या पाचही दाखवल्या आहेत. डमरूचा हात सृष्टीचा, अभय देणारा हात स्थितीचा, अग्नी धरलेला हात संहाराचा, टेकलेला पाय तिरोभावाचा आणि उचललेला पाय अनुग्रहाचा. देवीमाहात्म्यात हीच तिन्ही कामं देवीकडे आहेत. ब्रह्मदेव तिला म्हणतो की तूच हे विश्व निर्माण करतेस, तूच पाळतेस आणि अंती तूच ते खातेस. म्हणजे ‘महेश = नाश’ हे समीकरण अनेक मांडण्यांपैकी एक आहे, आणि तेही अर्धवट लिहिलेलं.

कामांची वाटणी किती सैल आहे हे मुलांनाही चटकन दिसतं. पालन करणारा विष्णू नरसिंह होऊन हिरण्यकशिपूला फाडतो, आणि गीतेच्या अकराव्या अध्यायात ‘कालोऽस्मि लोकक्षयकृत्’ म्हणजे लोकांचा क्षय करणारा काळ मी आहे, असं सांगतो तोही कृष्णच. उलट समुद्रमंथनातलं हालाहल पिऊन सगळ्यांना वाचवतो तो शंकर. वर्गात घारापुरीच्या लेण्यातल्या भव्य त्रिमुखी मूर्तीचं चित्र दाखवणार असाल तर एक सावधगिरी बाळगा. तिला सर्रास ‘त्रिमूर्ती’ म्हणतात आणि ब्रह्मा, विष्णू, महेश अशी तोंडं मोजून दाखवतात. प्रत्यक्षात ती तिन्ही मुखं शिवाचीच आहेत : मध्ये शांत तत्पुरुष, एका बाजूला उग्र अघोर आणि दुसऱ्या बाजूला कोमल वामदेव. उग्र आणि कोमल ही दोन्ही एकाच खांद्यांवर आहेत. तिथे ब्रह्मा-विष्णू शोधले की मूर्तीतली मुख्य गोष्टच हातून निसटते.

तेव्हा फळ्यावर वर एकच नाव लिहा. मुलांच्या घरी जे दैवत असेल ते चालेल. त्याखाली तीन क्रिया गोलात लिहा, बाणांनी जोडलेल्या. रजोगुण ब्रह्म्याचा, सत्त्व विष्णूचा, तमोगुण रुद्राचा हे शिकवायचं झालं तर तमाचा अर्थ ‘वाईट’ असा होऊ देऊ नका. तम म्हणजे जडपणा, झाकोळ, थांबणं. गाढ झोपेतही तमच असतो आणि झोपेला कोणी पाप म्हणत नाही. माणसाने काम टाळून तमात लोळणं हा दोष आहे, पण रात्रीचा तम हा दोष नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. संहारात नेमकं काय होतं? इथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण प्रलय म्हटलं की एकच मोठी जगबुडी डोळ्यांपुढे येते. पुराणांनी प्रलय चार सांगितले आहेत आणि चारही वेगळे आहेत.

पहिला नित्य प्रलय. जन्मलेल्या प्राण्यांचा रात्रंदिवस चाललेला अंत. दुसरा नैमित्तिक, ब्रह्मदेवाचा दिवस संपल्यावर येणारा. हा दिवस १००० चतुर्युगांचा असतो. एक चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचं, म्हणून दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि रात्रही तेवढीच. कलियुग संपलं की जग बुडणार, असं जे म्हणतात त्याला पुराणात आधार नाही. ४,३२,००० वर्षांचं कलियुग संपलं की पुन्हा कृतयुग सुरू होतं. प्रलय त्यानंतरही फार दूर असतो. घाबरलेल्या मुलांना हे आवर्जून सांगा.

विष्णुपुराणात नैमित्तिक प्रलयाचं वर्णन अगदी टप्प्याटप्प्याने येतं. आधी १०० वर्षांचा अवर्षणकाळ. मग भगवान रुद्ररूप घेऊन सूर्याच्या सात किरणांत शिरतात आणि सगळं पाणी पिऊन टाकतात. त्या किरणांचे सात सूर्य होतात आणि भूः, भुवः, स्वः हे तीन लोक जळतात. वरच्या महर्लोकातले रहिवासी उष्णता सहन न होऊन जनलोकात जातात. पुढे मेघ शंभराहून अधिक वर्षं पाऊस पाडतात, मग १०० वर्षं वारा वाहतो, आणि शेवटी त्या एकाच पाण्यावर शेषाच्या शय्येवर भगवान निजतात. जनलोकातले ऋषी त्यांची स्तुती करत असतात. हे सगळं वाचताना एक गोष्ट लक्षात येते. विध्वंसाचं इतकं सविस्तर वर्णन आहे, पण कुठेही शत्रू नाही. कोणाला शिक्षा होत नाही, कोणी हरत नाही. दिवस संपला म्हणून रात्र आली, एवढंच कारण दिलेलं आहे. गीतेच्या आठव्या अध्यायातही तेच आहे : दिवस उगवला की अव्यक्तातून व्यक्त बाहेर येतं, रात्र आली की त्याच अव्यक्तात विरून जातं.

तिसरा प्राकृतिक प्रलय ब्रह्मदेवाचं आयुष्य संपल्यावरचा, आणि संहाराची खरी रीत कळते ती इथे. त्याला क्रम आहे. पृथ्वीचा गुण गंध. पाणी तो गंध गिळतं आणि पृथ्वी पाण्यात विरते. पाण्याचा गुण रस. तो तेज गिळतं. तेजाचं रूप वायू गिळतो. वायूचा स्पर्श आकाश गिळतं. आकाशाचा शब्द अहंकारात, अहंकार महत्‌मध्ये आणि महत् प्रकृतीत. तैत्तिरीय उपनिषदातला निर्मितीचा क्रम याच्याशेजारी मांडा : आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून पाणी, पाण्यापासून पृथ्वी. अगदी उलटा क्रम. ब्रह्मसूत्रांनी यावर स्वतंत्र सूत्र केलं आहे, ‘विपर्ययेण तु क्रमोऽत उपपद्यते च’, म्हणजे लयाचा क्रम उलटा असतो आणि तोच युक्तीला धरून आहे.

हा उलटा क्रम का महत्त्वाचा? कारण कार्य हे आपल्या कारणातच विरू शकतं, दुसरीकडे कुठेही नाही. सांख्यांचं म्हणणं असं की कार्य निर्माण होण्याआधीही कारणात असतंच, फक्त व्यक्त नसतं. मग अंत म्हणजे पुन्हा अव्यक्त होणं. जे आहे ते ‘नाही’ होत नाही. ‘नाभावो विद्यते सतः’ हे गीतेचं वाक्य याच अर्थाचं आहे. म्हणून पुढच्या सृष्टीत धाता सूर्यचंद्र ‘यथापूर्वम्’, पूर्वी होते तसेच घडवतो असं ऋग्वेदात म्हटलं आहे. आपल्याला ज्या विनाशाची भीती वाटते, कायमचं पुसलं जाणं, ते या विचारात घडतच नाही. तुमच्या विद्यार्थ्याला हे हातात घेऊन पाहायचं असेल तर पार्थिव पूजा दाखवा. ओल्या मातीची मूर्ती घडवतात, तिच्यात प्राणप्रतिष्ठा करतात, षोडशोपचारांनी पूजा करतात. मग उत्तरपूजा. ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणत मूर्तीवर अक्षता वाहतात, ती जागेवरून किंचित हलवतात आणि त्यानंतरच पाण्यात सोडतात. त्या श्लोकाचा शेवट ‘पुनरागमनाय च’, पुन्हा येण्यासाठी, असा आहे. आता उत्तरपूजेआधी तीच मूर्ती कोणी रागाने फोडली तर? माती तीच, विरघळणं तेच, पण त्याला विसर्जन म्हणणार नाही कोणी. फरक कुठे पडला हे मुलांनाच शोधू द्या. कोणी वेळेचं नाव घेईल, कोणी रागाचं. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि पुढे उपयोगी पडणार आहेत.

चौथा आत्यंतिक प्रलय, आणि या सगळ्यात ही एक गोष्ट तरी तुम्ही स्वतः मनात पक्की करून घ्या असं आम्हाला मनापासून वाटतं. आत्यंतिक प्रलय म्हणजे मोक्ष. विष्णुपुराणात आणि भागवतात मोक्षाची गणना प्रलयाच्याच यादीत केली आहे. ज्ञानाने अविद्या आणि ‘मी’पणा विरतो, तो कायमचा. ज्या परंपरेने आपलं सर्वांत मोठं ध्येय प्रलयाच्या यादीत बसवलं, तिच्या दृष्टीने विरणं वाईट कसं असेल? संहार आणि अनुग्रह या दोन्ही क्रिया एकाच शिवाच्या आहेत, त्यामागेही हेच आहे.

मग वाईट आहे तरी कुठे? प्रश्न जुना आहे आणि तो आचार्यांनी टाळलेला नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप येतो तो असा : ईश्वर जर जग करत असेल तर तो पक्षपाती आणि निर्दय ठरेल. शंकराचार्य हा आक्षेप अधिक धारदार करून मांडतात. कोणी अत्यंत सुखी, कोणी अत्यंत दुःखी, शिवाय सगळ्या प्रजेचा संहारही तोच करतो, मग हा क्रूरपणा नव्हे का? तुमच्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न मुळात हाच आहे. सूत्राचं उत्तर : ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’. ईश्वर जिवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो, म्हणून पक्षपात आणि निर्दयता त्याला चिकटत नाहीत. आचार्य पावसाचं उदाहरण देतात. पाऊस भात आणि जव दोन्हींना सारखाच असतो. भाताचा भात होतो आणि जवाचा जव, याचं कारण बियांत असतं. म्हणजे दुःखाचं आणि दुष्टपणाचं मूळ या विचारात जिवाच्या कर्मात, आणि त्याहून खोल अविद्येत शोधलं जातं. जग विरतं त्यात नाही.

हे उत्तर सगळ्यांना पुरतं असं समजू नका. सृष्टीच्या आरंभी कर्म कुठून आलं, हा पुढचा प्रश्न लगेच येतो, आणि संसार अनादी आहे हे त्यावरचं उत्तर काहींना उत्तरापेक्षा माघार वाटतं. पूर्वमीमांसकांनी तर विश्वाचा प्रलयच मानला नाही. जग कधी असं नव्हतं असं नाही, ही त्यांची भूमिका. हिंदू विचारात याबाबत एकमत आहे असं मुलांना सांगितलं तर ते खोटं ठरेल.

आता आजोबा. इथे ४३२ कोटी वर्षांचा हिशेब अजिबात काढू नका. त्या मुलाला शांतिपर्वातली मृत्यूची गोष्ट सांगा. युद्धानंतर युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की मृत्यू आला कुठून, आणि भीष्म त्याला ती कथा सांगतात, जी पूर्वी नारदांनी रणात मुलगा गमावलेल्या एका राजाला सांगितली होती.

गोष्ट अशी. ब्रह्मदेवाने प्रजा निर्माण केली. मरण नव्हतंच, त्यामुळे पृथ्वीवर श्वास घ्यायला जागा उरली नाही. काय करावं ते सुचेना, तेव्हा त्याला राग आला आणि त्या रागाचा अग्नी होऊन चराचर जाळू लागला. तिथे स्थाणू म्हणजे शिव धावून आला आणि त्याने विनवणी केली की प्रजेवर कृपा कर, ही अशी समूळ नाहीशी होऊ नयेत, ती येत-जात राहोत. ब्रह्मदेवाने अग्नी आवरला. आवरत असताना त्याच्या इंद्रियांतून एक स्त्री प्रकट झाली, सावळी, तांबडी वस्त्रं नेसलेली. ती मृत्यू. ब्रह्मदेवाने तिला प्रजेचा अंत करायला सांगितलं आणि ती रडू लागली. निरपराध मुलांना, तरुणांना, म्हाताऱ्यांना मी कशी नेऊ, त्यांच्या माणसांचे अश्रू मला जाळतील, असं ती म्हणाली. पळून जाऊन तिने एका पायावर उभं राहून तप केलं. पुन्हा बोलावलं, तिने पुन्हा नाही म्हटलं. तिचे अश्रू ब्रह्मदेवाने ओंजळीत धरून ठेवले होते. शेवटी तो म्हणाला, हे अश्रूच व्याधी होतील आणि वेळ आलेल्यांना नेतील; तू राग-द्वेष न ठेवता सगळ्यांना सारखं वाग, तुला अधर्म लागणार नाही. तेव्हा कुठे ती कबूल झाली.

फळ्यावरचे तीन रकाने या कथेत उलटेपालटे झालेले तुमच्या लक्षात आले असतील. जाळत होता तो निर्माता, आणि थांबवायला आला तो संहारक. समूळ नायनाट होऊ नये म्हणून शिवाने मध्ये पडून जे मागितलं, तेच येणं-जाणं म्हणजे मरण. आणि मरण दुष्ट का नाही याचं कथेतलं कारण फार नेमकं आहे. ते द्वेषातून येत नाही आणि कोणालाही वगळत नाही. मरणाचं दुःख होऊ नये असं मात्र कथा कुठेही म्हणत नाही. तिथे स्वतः मृत्यूच रडते. त्या मुलाला एवढं समजलं तर पुष्कळ झालं की आजोबांना कोणी शिक्षा केली नाही, आणि त्याला वाईट वाटतं यात अश्रद्धा नाही.

‘त्यांच्या जागी नवीन कोण आलं?’ याचं सरळ उत्तर ‘कोणी नाही’ असंच द्या. परंपराही जागा भरून निघते असं म्हणत नाही. ती म्हणते की जीव पुढे जातो. ते त्याच्या घरात मानत असतील तर तेही सांगा.

आणखी एका बाजूने मुलं हमखास घसरतात, विशेषतः तेरा-चौदाची. ‘नाश वाईट नाही, तर मी मोडतोड केली तर काय बिघडलं?’ याला उत्तर तयार ठेवा. काळाचा संहार आणि माणसाची हिंसा यांत परंपरेने ठाम फरक केला आहे, आणि तो फरक खुद्द शिवालाही लावला आहे. ब्रह्मदेवाला पूर्वी पाच मुखं होती. शिवाने भैरवरूपात त्यातलं पाचवं तोडलं, तर ते कपाळ त्याच्या हातालाच चिकटलं. ब्रह्महत्येचं पाप लागलं म्हणून तो कवटी हातात घेऊन भिक्षा मागत फिरला आणि काशीत कपालमोचन तीर्थावर ती गळून पडली. सगळं विश्व विरवणाऱ्याला पाप लागत नाही आणि एका डोक्यासाठी लागतं. आमच्या मते ही कथा मृत्यूच्या कथेशेजारी ठेवूनच वाचावी. वेळ आल्यावर, द्वेषाशिवाय, सगळ्यांना सारखा लागू होणारा अंत एकीकडे. एकाला वेचून, रागाने केलेला घाव दुसरीकडे. माणसाच्या हातून घडतो तो जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकारचा, म्हणून माणसाला नियम अहिंसेचा. उत्तरपूजेआधी फोडलेल्या मूर्तीबद्दल मुलांनी जी दोन उत्तरं दिली असतील, त्यांची आठवण इथे करून द्या.

रविवारचा क्रम असा ठेवता येईल. सुरुवातीला फळा पुसून एका नावाखाली तीन क्रिया. मग माती : प्रत्येकाने लिंबाएवढ्या शाडूच्या गोळ्यातून काहीतरी घडवायचं, नाव द्यायचं, आणि तासाच्या शेवटी पाण्याच्या बादलीत सोडायचं. सोडण्याआधी अक्षता वाहायच्या, कारण ती पायरी गाळली तर मुलं फक्त चिखल करतात आणि मुद्दा हरवतो. ओला गोळा पाण्यात विरायला वेळ लागतो, म्हणून बादली तशीच राहू द्या, आणि खाली बसलेली माती पुढच्या रविवारी पुन्हा वापरा. मधल्या वेळात मृत्यूची गोष्ट. चार प्रलयांतले फक्त नित्य आणि आत्यंतिक सांगा. बाकीचे दोन मोठ्या मुलांसाठी ठेवा, नाहीतर सात सूर्यांच्या वर्णनातच तास संपेल.

आजोबांचा विषय सगळ्यांसमोर काढू नका. वर्ग सुटल्यावर त्या मुलाशी वेगळं बोला. गोष्ट ऐकूनही त्याचं समाधान झालं नाही तर तुमचं काही चुकलं असं समजू नका. महाभारताच्या प्रचलित प्रतींत द्रोणपर्वात, अभिमन्यू पडल्यावर, व्यास युधिष्ठिराला हीच मृत्यूची कथा सांगतात. तेवढ्याने त्याचा शोक उतरत नाही आणि पुढे सोळा राजांच्या कथा सांगाव्या लागतात.